म्युऑनिक हायड्रोजन आणि पॉझिट्रोनियम: वस्तुमान बदलून काय मिळतं, काय मिळत नाही

"हायड्रोजनचं सूत्र पाठ असलं की बाकीचे अणू फुकट मिळतात. म्युऑन इलेक्ट्रॉनच्या २०७ पट जड, म्हणून म्युऑनिक हायड्रोजनच्या पातळ्या २०७ पट खोल. पॉझिट्रॉन इलेक्ट्रॉनइतकाच जड, म्हणून पॉझिट्रोनियमच्या पातळ्या हायड्रोजनसारख्याच. वस्तुमान बदललं की प्रत्येक रेषा अचूक मिळते."

हा दावा तपासून पाहू. म्युऑनिक हायड्रोजन म्हणजे प्रोटॉनभोवती इलेक्ट्रॉनऐवजी म्युऑन, आणि पॉझिट्रोनियम म्हणजे इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन यांची जोडी. आधी २०७ बद्दल. सूत्रात हलक्या कणाचं वस्तुमान जात नाही, रिड्यूस्ड मास जातं: μ = m₁m₂/(m₁+m₂). पातळी मग अशी येते: Eₙ = −13.606 × (μ/mₑ)/n², n हा पातळीचा क्रमांक, mₑ इलेक्ट्रॉनचं वस्तुमान, उत्तर इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये. साध्या हायड्रोजनमध्ये प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या १८३६ पट जड असल्यामुळे μ आणि mₑ यांच्यात हजारात जेमतेम अर्ध्या भागाचा फरक पडतो, म्हणजे सुमारे दोन हजारात एक. म्हणूनच तो विसरून जायची सवय लागते. (हा फरक छोटा असला तरी फुकटचा नाही. ड्युटेरियममध्ये तो थोडा बदलतो आणि लाल रेषा ६५६.२८ वरून ६५६.१० नॅनोमीटरवर सरकते. १९३१ मध्ये हॅरॉल्ड यूरी यांनी ड्युटेरियम ओळखलं ते रेषांच्या अशाच सरकण्यावरून.)

म्युऑनच्या बाबतीत ही सवय महागात पडते. इलेक्ट्रॉनचं वस्तुमान १ धरलं तर म्युऑन २०६.८ आणि प्रोटॉन १८३६.२. गुणाकार भागिले बेरीज केली की μ येतं १८५.८. म्हणजे सर्वात खालची पातळी सुमारे २५२८ इलेक्ट्रॉनव्होल्ट खोल. २०७ ने गुणलं तर २८१६ येतात, तब्बल ११ टक्के जास्त. दुसऱ्या पातळीतल्या 2P अवस्थेवरून सर्वात खालच्या 1S वर उडी मारताना निघणारा एक्स-किरण १८९६ इलेक्ट्रॉनव्होल्टचा, म्हणजे १.९ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचा असतो. प्रयोगात तो तिथेच सापडतो, २११२ ला नाही.

पॉझिट्रोनियममध्ये दोन्ही कण सारखे, म्हणून μ बरोबर अर्धं. बांधणीची ऊर्जा १३.६ नव्हे, ६.८ इलेक्ट्रॉनव्होल्ट. पातळ्यांमधल्या ऊर्जेच्या सगळ्या अंतरांचं हेच होतं, त्यामुळे हायड्रोजनची १२१.५ नॅनोमीटरची लायमन-अल्फा रेषा इथे २४३ नॅनोमीटरवर जाते. दोन कणांमधलं सरासरी अंतर दुप्पट होतं. मात्र दोघेही मधल्या वस्तुमानकेंद्राभोवती असतात, म्हणून त्या केंद्रापासून प्रत्येकाचं अंतर हायड्रोजनमधल्या इलेक्ट्रॉनइतकंच राहतं. इथे जड, स्थिर केंद्रक नाहीच.

इथपर्यंत चूक होती ती चुकीचं वस्तुमान घालण्याची. प्रत्येक रेषा अचूक मिळते हे दाव्याचं शेवटचं वाक्य वेगळ्या कारणाने चुकतं आणि ते मला जास्त खटकतं, कारण योग्य रिड्यूस्ड मास घालूनही ते खोटंच राहतं. गुणाकाराने मिळतात त्या स्थूल पातळ्या, म्हणजे n बदलल्यावरची मोठी अंतरं. त्या पातळ्यांच्या आतल्या बारीक फटींचं कारण कूलोंब आकर्षणाबाहेरचं असतं आणि ते कारण अणूगणिक बदलतं.

पॉझिट्रोनियमच्या 1S पातळीतली फट घ्या. हायड्रोजनमध्ये इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन यांचे स्पिन समांतर की विरुद्ध यावरून पातळीचे दोन भाग होतात आणि त्यांच्यातलं अंतर १.४२ गिगाहर्ट्झ असतं, प्रसिद्ध २१ सेंटिमीटरची रेषा. आता प्रामाणिकपणे रूपांतर करू. पॉझिट्रॉनचं चुंबकीय आघूर्ण प्रोटॉनच्या ६५८ पट आहे, म्हणून ६५८ ने गुणा. दोन कण एकाच जागी सापडण्याची संभाव्यता μ च्या घनाप्रमाणे बदलते, म्हणून ८ ने भागा. उत्तर येतं सुमारे ११७ गिगाहर्ट्झ. प्रत्यक्ष मोजलेलं अंतर २०३.४ गिगाहर्ट्झ आहे. उरलेले सुमारे ८६ कुठून आले? इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन क्षणभर एकमेकांना नष्ट करून आभासी फोटॉन बनतात आणि पुन्हा जोडी होऊन परततात. एका फोटॉनचा हा मार्ग फक्त समांतर स्पिनच्या अवस्थेला खुला आहे, म्हणून तीच वर ढकलली जाते. प्रोटॉन इलेक्ट्रॉनचा प्रतिकण नाही, त्यामुळे हायड्रोजनमध्ये ही घटना घडूच शकत नाही. जे पद मूळ सूत्रात शून्य आहे, ते कितीही पटीने गुणा, शून्यच राहणार.

म्युऑनिक हायड्रोजनमध्ये तर चिन्हच उलटं होतं. साध्या हायड्रोजनमध्ये 2S पातळी शेजारच्या 2P च्या किंचित वर असते. ही लॅम्ब शिफ्ट १०५८ मेगाहर्ट्झ, ऊर्जेत इलेक्ट्रॉनव्होल्टचे ४.४ दशलक्षांश. १८६ ने गुणलं तर ०.८ मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट यायला हवेत आणि 2S वर असायला हवी. प्रत्यक्षात अंतर सुमारे २०२ मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे आणि 2S खाली आहे.

कारण अंतरांमध्ये आहे. प्रत्येक विद्युतभाराभोवती आभासी इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोड्यांचं पातळ आवरण असतं, त्यामुळे दुरून भार थोडा कमी दिसतो. या आवरणाची व्याप्ती सुमारे ३८६ फेम्टोमीटर. हायड्रोजनमधला इलेक्ट्रॉन ५३,००० फेम्टोमीटरवर असतो, त्याला आवरण जेमतेम जाणवतं. म्युऑनची बोर त्रिज्या मात्र २८५ फेम्टोमीटर, म्हणजे तो आवरणाच्या आतच शिरलेला. केंद्राशी जास्त वेळ काढणाऱ्या 2S अवस्थेला प्रोटॉनचा भार जास्त जाणवतो आणि ती खाली खेचली जाते. आवरणाची लांबी इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानावर ठरते. म्युऑन आणला तरी ती बदलत नाही, म्हणूनच साधा गुणाकार इथे कोसळतो.

उरलेला वाटा प्रोटॉनच्या आकाराचा आहे. म्युऑन प्रोटॉनच्या आत सापडण्याची संभाव्यता १८६ च्या घनाने, म्हणजे साठ लाखांहून जास्त पटींनी वाढते. प्रोटॉन बिंदू नसल्यामुळे 2S पातळी सुमारे ३.७ मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट वर येते, संपूर्ण अंतराच्या जवळपास २ टक्के. स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर संस्थेत याच परिणामाचा उपयोग केला गेला. सुमारे ६ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या लेसरने म्युऑन 2S वरून 2P वर ढकलायचा आणि तिथून 1S वर पडताना निघणारा १.९ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचा एक्स-किरण टिपायचा. लेसरची वारंवारता नेमकी जुळली की हे किरण वाढतात. २०१० मध्ये यातून प्रोटॉनची त्रिज्या ०.८४२ फेम्टोमीटर आली, तेव्हाच्या मान्य ०.८७७ पेक्षा ४ टक्के कमी. पुढे २०१८ च्या शिफारस केलेल्या मूल्यांत ती ०.८४१ झाली.

या एकाच प्रयोगात गुणाकाराची हद्द दिसते. १८९६ चा एक्स-किरण कुठे शोधायचा हे रिड्यूस्ड मास सांगतं. आवरणामुळे त्यात पडणारी भर सुमारे २ इलेक्ट्रॉनव्होल्ट, हजारात एक, आणि डिटेक्टर लावायला तेवढी अचूकता पुरते. लेसर कुठे लावायचा हे मात्र रिड्यूस्ड मास सांगू शकत नाही. 2S आणि 2P या दोन्हींचं n सारखंच, त्यामुळे बोरच्या सूत्रात त्यांच्यातलं अंतर शून्य आहे.