एक नंबर मोठा घ्या, पण कुठल्या नंबरापेक्षा?

बाहेरच्या ब्रँडच्या मुलांच्या कपड्यांवर मी लेख लिहिला होता. त्यातल्या तक्त्यात लेबलवरचं वय आणि त्यापुढे मुलाची सेंटिमीटरमधली उंची दिली होती. त्यावर मृण्मयी यांची प्रतिक्रिया: "तुमचा तक्ता बघून मागवलं आणि फसले. पाच वर्षांपुढे ११६ लिहिलंय तुम्ही. फ्रेंच ब्रँडची ५ लिहिलेली पँट घेतली, मुलाच्या घोट्याच्या वर आली. सेंटिमीटरची ही आकडेमोड घरबसल्या ठीक आहे, खऱ्या आयांना एवढा वेळ नसतो. आमच्या आईने कधी भिंतीला उभं करून मोजलं नाही. वय बघायचं, एक नंबर मोठा घ्यायचा, विषय संपला. शिवाय सुती कपडा आटतो, ते तुम्ही लिहिलंच नाही. लोकांना उगाच गोंधळात टाकू नका."

मृण्मयीताई,

आधी ‘खऱ्या आया’ या दोन शब्दांबद्दल बोलते, कारण काल रात्री वाचल्यापासून ते मनातून जात नाहीत. मला दोन मुलं आहेत. थोरली जन्मायच्या आधी आणि नंतर मिळून नऊ वर्षं मी भोसरीच्या एका कारखान्यात नोकरी केली. तिथून मुलांचे कपडे युरोपला जायचे. मास्टर पॅटर्न कापायचे, शिवून आलेला नमुना माझ्या टेबलावर यायचा आणि त्याचं प्रत्येक माप टेपने घेऊन शीटवरच्या आकड्याशी ताडून बघणं हे माझं काम होतं. आठ तास उभ्याने. तेव्हा ही आकडेमोड कुणी घरबसल्या सुचली म्हणून लिहिलेली नाही. तक्ता चुकला असं म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. मी खरी आई आहे की नाही, हे तुम्ही ठरवू नका.

तुमची एक गोष्ट मात्र बरोबर आहे आणि ती मान्य करते. तक्त्यात ‘५-६ वर्षे’ अशी ओळ होती, नुसत्या ‘५’ची नव्हती. ती असायला हवी होती.

पण ११६ हा आकडा पाच वर्षांपुढे नव्हता, ५-६ वर्षांपुढे होता. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुमची पँट याच फरकात आखूड झाली. जिथे लेबलवर दोन वर्षं असतात तिथे सेंटिमीटरचा आकडा वरच्या वर्षाचा धरलेला असतो. एच अँड एमचं ४-५ म्हणजे ११० आणि ५-६ म्हणजे ११६. जागतिक आरोग्य संघटनेच्या आलेखात पाच पूर्ण झालेल्या मुलाची मधली उंची ११० सेंटिमीटर आहे आणि सहा पूर्ण झालेल्याची ११६. म्हणजे ४-५चा कपडा पाचव्या वाढदिवसापर्यंत पुरावा अशा हिशेबाने कापलेला असतो. फ्रेंच पद्धतीत लेबलवर एकच वर्ष असतं आणि त्याचा अर्थ ‘पाचव्या वाढदिवसाच्या सुमाराचं मूल’ असा धरायचा. तिथे ४ म्हणजे १०२ सेंटिमीटर, ५ म्हणजे १०८, ६ म्हणजे ११४ आणि ८ म्हणजे १२६, असं जुनं मोजमाप आहे. तुम्ही १०८ची पँट घेतलीत आणि ती ११६ची असेल असं समजलात. उंचीच्या हिशेबात आठ सेंटिमीटर कमी भरले, ते घोट्याशी दिसले. आता काही फ्रेंच ब्रँड ५ पुढे ११० छापतात, म्हणून वर्षाचा आकडा सोडून त्याच लेबलवर बारीक अक्षरात सेंटिमीटर काय दिलेत ते बघा, असं मी मूळ लेखात दोनदा लिहिलं होतं. तुमच्या पँटवर सेंटिमीटरचा आकडा काय होता, ते तुम्ही लिहिलेलं नाही.

आता ‘वय बघायचं, एक नंबर मोठा घ्यायचा’ या तुमच्या वाक्याकडे येते. मला खरा राग आला तो या वाक्याचा, कारण ऐकायला ते शहाणपणाचं वाटतं आणि लोक तसंच करतात.

युरोपातले मुलांचे नंबर सहा-सहा सेंटिमीटरने चढतात: ९२, ९८, १०४, ११०, ११६, १२२. तीन ते दहा वर्षांच्या दरम्यान मूल वर्षाला साधारण सहा सेंटिमीटर वाढतं, म्हणून एक नंबर म्हणजे एक वर्ष असं जुळतं. पण हे जुळणं सरासरी मुलाचं आहे. पाच पूर्ण झालेला निरोगी मुलगा १०१ सेंटिमीटरचा असू शकतो आणि ११९चाही. दोघंही आलेखाच्या नेहमीच्या पट्ट्यात बसतात आणि दोघांच्या कपड्यांत तीन नंबरांचं अंतर पडतं. वय दोघांचं सारखंच असतं. पाच वर्षांच्या पुढच्या आपल्या मुलांसाठी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये उंची-वजनाचे वेगळे आलेख काढले, त्या कामात आपल्या पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर पुढे होते. मुलांची वाढ बघताना डॉक्टर बाहेरची सरासरी डोळे मिटून लावत नाहीत. मग कपडा घेताना आपण का लावायची?

माझ्या भाचीचं उदाहरण घ्या. गेल्या महिन्यात तिला पाच वर्षं दोन महिने झाले. उंची मोजली, १०४.५. वय बघून ५-६चा कपडा घेतला तर तो ११६चा. तुमच्या नियमाने त्याहून एक मोठा, म्हणजे ६-७, तो १२२चा. पोर साडेएकशेचार आणि कपडा १२२चा! तिला हवा होता ११०चा. बहुतेक ब्रँडच्या तक्त्यात ११० हा नंबर १०५ ते ११० उंचीसाठी दिलेला असतो, ती त्याच्या अगदी दाराशी उभी होती. त्यात तिला साडेपाच सेंटिमीटर वाढायला जागा मिळते, म्हणजे जवळजवळ वर्षभर. जी सोय तुम्ही एक नंबर मोठा घेऊन करू बघता, ती योग्य नंबरात आधीच असते.

दोन नंबर जास्तीचे झाले की काय होतं तेही सांगते, कारण ही मापं मी हाताने घेतलेली आहेत. एका नंबराला पायाच्या आतल्या बाजूचं माप तीन ते साडेतीन सेंटिमीटर वाढतं आणि छाती साधारण दोन. ११० ऐवजी १२२ घेतला की पाय सहा-सात सेंटिमीटर लांब. ते दुमडता येतात. खांदा दुमडता येत नाही. बाहीची शिलाई दंडावर उतरते, गळा एका बाजूला घसरतो, पँटची बैठक गुडघ्यांकडे लोंबते आणि पाऊल पूर्ण टाकता येत नाही. माझ्या धाकट्याला मी अशीच पुढच्या वर्षीही होईल म्हणून पँट घेतली होती. सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्याच्या दगडी जिन्यावर, चौथ्या पायरीवर त्याचा पाय दुमडीत अडकला. हनुवटीला तीन टाके पडले. तो व्रण अजून आहे. त्या दिवशीपासून आमच्या घरात कपडा उंचीवर येतो, आणि म्हणूनच ‘विषय संपला’ हे शब्द मला झोंबले.

तुमचा मुलगा बहुधा उंच असणार. १०८ची पँट त्याच्या घोट्याच्या वर चढली, त्याअर्थी तो ११३-११४च्या खाली नसावा. अशा मुलाला वयापेक्षा एक नंबर मोठा बरोबर बसतो, म्हणून तुम्हाला तो नियम वाटला. पण तुमच्या मुलाचा अनुभव माझ्या भाचीला लागू होत नाही.

आणि आईंबद्दल. तुमच्या आईने भिंतीला उभं करून मोजलं नाही, माझ्याही नाही. पण आपण तुळशीबागेत जायचो तेव्हा दुकानदार काय करायचा? ‘बावीस नंबर काढ रे’ म्हणायचा आणि फ्रॉक आपल्या पाठीला लावून बघायचा. ते मोजणंच होतं. आणि तो बावीस हा फ्रॉकच्या लांबीचा इंचातला आकडा होता. बाहेरच्या ब्रँडचं ११० हे कपड्याचं माप नसतंच, ती मुलाची टाळूपासून टाचेपर्यंतची उंची असते. मला दर महिन्याला कुणीतरी लिहितं की फ्रॉकला टेप लावली, ११० कुठेच भरत नाही. कसं भरेल? परदेशातून येणारा कपडा पाठीला लावून बघता येत नाही, म्हणून पोराला भिंतीला लावायचं.

त्याला दोन मिनिटं लागतात. बूट काढा, पोनीटेल सोडा, टाचा भिंतीला टेकवा, नजर समोर. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक भिंतीला काटकोनात धरून डोक्यावर टेकवा, पेन्सिलने खूण करा आणि खाली जमिनीपर्यंत लोखंडी टेपने मोजा. शिवणकामाची कापडी टेप वापरून सैल पडते. सकाळी मोजलंत तर उत्तम, संध्याकाळपर्यंत उंची साधारण एक सेंटिमीटर कमी भरते आणि मूल दोन नंबरांच्या सीमेवर असलं की तेवढ्याने निर्णय बदलतो. दोन वर्षांच्या आतलं बाळ आडवं झोपवून मोजतात, तसं मोजलेलं माप उभ्यापेक्षा अर्धा-पाऊण सेंटिमीटर जास्त येतं.

सुती कपडा आटतो, हो. प्रत्येक लेखात सगळंच लिहिता येत नाही. तो वेगळा विषय आहे.

तक्त्यात आज सकाळी एकेरी वर्षाची ओळ घातली आहे: ३ पुढे ९४, ४ पुढे १०२, ५ पुढे १०८, ६ पुढे ११४, ८ पुढे १२६, १० पुढे १३८. शेजारी शेरा आहे की लेबलवर सेंटिमीटर छापलेले असतील तर तेच धरावेत. मुलाची उंची आणि त्या पँटच्या लेबलवरचा आकडा कळवलात तर कुठला नंबर मागवायचा तेही सांगेन.