मेसेजवर विचारण्याबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

«ताई, तुमचा लेख पटला नाही. तीन-चार महिने भेटल्यावर 'आता फक्त आपण दोघंच' एवढी मोठी गोष्ट व्हॉट्सॲपवर विचारायची? समोर बसून बोलायची हिंमत नाही त्याने प्रेमात पडूच नये. आणि 'हलक्या शब्दांत' म्हणजे नाही म्हटलं तर 'अगं, सहज विचारलं' म्हणायची सोय, दुसरं काय!»

तुमच्या शेवटच्या वाक्याबद्दल आधी बोलते, कारण तिथे तुम्ही बोट ठेवलंय ते खरं दुखणं आहे. असे मेसेज मी पाहिलेत. 'बघ, तुला चालणार असेल तर, म्हणजे काही सक्ती नाही, हाहा' असं लिहिलं की समोरच्याला कळतच नाही की आपल्याला काही विचारलंय. मग ती एक हसरा इमोजी पाठवते आणि हा आठवडाभर त्या इमोजीचा अर्थ लावत बसतो. मला हलकं म्हणजे हे अभिप्रेत नव्हतं. विचारणं सरळच हवं. हलकं ठेवायचं ते समोरच्यावरचं ओझं.

समोर बसून विचारण्याबद्दल मात्र माझा अनुभव वेगळा आहे. मी स्वतः तसंच विचारलं होतं. पुण्यातलं एक हॉटेल, शनिवारची गर्दी, जेवण संपलेलं, वेटर बिल ठेवून बाजूलाच उभा. ज्याला विचारलं तो 'हो' म्हणाला. तीन आठवड्यांनी कळलं की त्याला विचार करायला वेळ हवा होता, पण माझ्या चेहऱ्याकडे बघून 'थांब' म्हणायचं धाडस झालं नाही. त्या संध्याकाळी हिंमत माझ्याकडे होती, सवड त्याच्याकडे नव्हती. मेसेजने ती सवड मिळते, म्हणून मी त्या बाजूची आहे.

माझ्या मावसभावाचं उदाहरण देते, त्याची परवानगी घेऊनच. डेटिंग ॲपवर ओळख, साडेतीन महिने भेटीगाठी, बहुतेक रविवारी सकाळी पर्वती चढायची आणि खाली येऊन पोहे. त्याने मला पहिला मसुदा दाखवला: 'आपलं नक्की काय चाललंय?' हा प्रश्न ऐकला की माणूस आधी स्वतःचा बचाव करायला लागतो. दुसरा मसुदा दोन स्क्रीनभर होता, त्यात भविष्य, आईबाबा, जुनी नाती सगळं. ते वाचून कुणालाही उत्तरही तेवढंच लांब द्यावं लागेल असं वाटेल. शेवटी गेलेला मेसेज असा होता:

«परवा तू पोह्यांवरचं सगळं खोबरं माझ्या बशीत टाकलंस ना, तेव्हापासून मनात आहे. दीड महिना झाला, मी ॲप उघडलेलं नाही आणि उघडावंसंही वाटत नाही. मला फक्त तुलाच भेटत राहायला आवडेल, आणि तूही फक्त मलाच भेटावंस असं वाटतं. तुला काय वाटतं? लगेच सांगायला हवं असं नाही, रविवारी बोलू.»

यात तिच्या ॲपबद्दल अवाक्षर नाही, हे बघा. 'तू काढून टाकलंस का?' हे विचारलं की चौकशी होते. स्वतःचं सांगितलं की तिला तिचं सांगायला जागा राहते. काय हवंय ते एका वाक्यात आलंय, कुठेही 'बहुतेक' नाही. आणि रविवार ठरलेला आहे, म्हणजे उत्तराला मुदत आहे पण निळ्या टिकांकडे बघत रात्र काढायची वेळ नाही. 'रिलेशनशिप' हा शब्द त्याने मुद्दाम टाळला. आपल्याकडे तो आला की पाठोपाठ 'घरी कधी सांगायचं' येतं, आणि तो प्रश्न निराळा आहे, त्याला निराळी संध्याकाळ द्यावी.

मंगळवारी रात्री नऊच्या सुमारास त्याने तो पाठवला. भांडणानंतर नाही, पार्टीहून परतताना नाही. तिचं उत्तर बुधवारी आलं: 'वाचलं. छान वाटलं. रविवारी नीट बोलते.' तो घाबरला, पण मला हे उत्तर चांगलं वाटलं, कारण तिने वेळ मागताना दिवस पक्का केला होता. 'बघू', 'आत्ता ऑफिसचं खूप आहे' आणि मग विषयच बदलणं, असं दोनदा झालं तर ते 'नाही' समजावं आणि तिसऱ्यांदा विचारू नये.

एका ठिकाणी मी तुमच्याशी पूर्ण सहमत आहे. ती दुसऱ्या कुणाला भेटतेय असा संशय मनात असेल, किंवा आधीच काही दुखावलेलं असेल, तर मेसेज करू नये. तिथे प्रेमळ शब्दसुद्धा टोमण्यासारखे वाचले जातात. तिथे समोरच बसायला हवं.

मावसभावाचं उत्तरही शेवटी समोरासमोरच आलं, पर्वतीच्या पायऱ्यांवर. चार दिवस विचार करून ती आली होती. 'हो' म्हणाली, आणि सोबत एक अट: लग्नाचा विषय वर्षभर कुणी काढायचा नाही. त्याने ती तिथेच मान्य केली.