राग घरानं दिला, नेम त्याचा होता

"ज्याला घरानंच तसं घडवलं, त्याला दोष कसा द्यायचा?"

आमच्या यवतमाळकडच्या गावात माझा चुलतभाऊ दारू पिऊन बायकोवर हात टाकायचा. विचारलं की म्हणे, "माह्या बापानंबी हेच केलं, मी काय दुसरं शिकनार?" काका तसेच होते, मी डोळ्यांनी पाहिलंय. पण सासरा मुक्कामाला आला की हाच माणूस आठ-आठ दिवस शांत राहायचा. सोयाबीनच्या भावावरून व्यापाऱ्याशी कितीही वाजलं तरी तिथे हात उचलत नसे. म्हणजे थांबायचं कुठे हे त्याला कळत होतं, जमतही होतं. तेवढ्यापुरता दोष त्याचाच.

ब्रिटिश तत्त्वज्ञ स्ट्रॉसन यांनी १९६२ साली मांडलं होतं की, एखाद्यावर रागावणं पूर्ण सोडून त्याला फक्त हाताळायचं, सुधारायचं ठरवलं, की त्याच्याशी माणसासारखं नातंच उरत नाही. आम्ही सगळे त्याला 'बिचारा' म्हणत तेच करत होतो. वहिनीनं मात्र सुनावलं, "बापाचं नाव नका घेऊ, तुमचं सांगा." त्याचा बारा वर्षांचा पोरगा शाळेत मारामारी करतो, त्याला मी असा दोष देणार नाही. त्यानं अजून दुसरं काही पाहिलेलंच नाही.