स्विफ्ट कॉपी म्हणजे पैसे जमा नव्हेत

"फॉरेनच्या पार्टीने स्विफ्ट कॉपी पाठवली की काम झालं. 32A मधली रक्कम घ्यायची, 70 मध्ये इन्व्हॉइस नंबर असतात ते बघून पावती टाकायची. जुनं बिल आधी, नवं नंतर. शेवटी जे कमी पडेल ते बँक चार्जेस."

निर्यातीचे हिशोब ठेवणाऱ्यांत हा सल्ला नेहमी ऐकू येतो. स्विफ्ट कॉपी म्हणजे बँकांमधल्या पैशांच्या संदेशाची प्रत, आणि 32A, 70 हे तिच्यातले रकाने. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्री-मशीनिंग युनिटचे निर्यातीचे हिशोब मी सांभाळते. ही पद्धत मीही काही वर्षं वापरली. तिच्यामुळे काय बिघडतं ते एका पेमेंटवरूनच सांगते.

दुबईच्या ग्राहकाला पंपाच्या बॉडी जातात, बिलं डॉलरमध्ये. जुलै २०२४ मध्ये त्याच्याकडे आमची तीन बिलं उभी होती. ११८ नंबरचं १८,४०० डॉलरचं, १२१ नंबरचं २२,६५० चं आणि १२४ नंबरचं ९,७८० चं, म्हणजे एकूण ५०,८३०. ग्राहकाने जी कॉपी पाठवली तिच्यातल्या कामाच्या ओळी अशा होत्या:

```
:32A:240722USD49394,40
:70:/INV/118 121 124
:71A:SHA
```

आधी वाचण्याची एक चूक, कारण ती आपल्याकडे हमखास होते. इथला स्वल्पविराम म्हणजे दशांश चिन्ह. रक्कम ४९,३९४ डॉलर ४० सेंट आहे. ओळीच्या सुरुवातीचे सहा आकडे वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख सांगतात, आणि ती बँकांमधल्या हिशोबाची तारीख असते. आपल्या खात्यात पैसे कधी पडले ते त्यावरून कळत नाही.

आता कॉपीचं बघू. ग्राहकाच्या बँकेने पुढच्या बँकेला जो संदेश पाठवला, त्याची ही प्रत आहे. पैसे निघाले एवढंच ती सांगते, आणि पीडीएफ असल्यामुळे तेवढ्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. दुबईहून डॉलर निघाले की ते बहुतेक न्यूयॉर्कच्या बँकेतून फिरून येतात. `SHA` लिहिलंय म्हणजे खर्च दोघांत वाटलेला आहे: पाठवणाऱ्या बँकेचा खर्च ग्राहकाचा, वाटेतल्या आणि आपल्या बँकेचा आपला. मधली बँक स्वतःचा खर्च रकमेतूनच कापते. म्हणून आपल्या बँकेकडे त्याच पेमेंटचा जो संदेश पोचला, तो वेगळा होता:

```
:32A:240722USD49369,40
:33B:USD49394,40
:71A:SHA
:71F:USD25,00
```

`33B` म्हणजे ग्राहकाने जेवढे पाठवायला सांगितले ते. `71F` म्हणजे वाटेत कापलेले. `32A` म्हणजे आपल्या बँकेच्या हातात प्रत्यक्ष पडलेले. एकाच पेमेंटच्या दोन प्रतींत `32A` वेगळा असू शकतो, आणि पुस्तकात घ्यायचा तो आपल्या बँकेकडचा. ही प्रत किंवा इनवर्ड रेमिटन्सचा अॅडव्हाइस बँकेकडे मागावा लागतो. मागताना संदेशातला छत्तीस अक्षरांचा यूईटीआर नंबर द्या. तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत बदलत नाही, त्यामुळे पैसे वाटेत अडकले असले तर बँकेला त्यावरूनच शोध लागतो. (नोव्हेंबर २०२५ पासून बँकांमध्ये या जुन्या संदेशाच्या जागी pacs.008 आला आहे. त्यात `33B` ला `InstdAmt` आणि `32A` ला `IntrBkSttlmAmt` म्हणतात, अर्थ तोच.)

दुसरी गोष्ट 70 ची. त्या रकान्यात पस्तीस अक्षरांच्या चारच ओळी मावतात. तिथे नंबर येतात, पण कुठल्या बिलाला किती ते क्वचितच येतं. ते येतं रेमिटन्स अॅडव्हाइसमध्ये, जो ग्राहकाचा अकाउंट्स विभाग वेगळ्या मेलने पाठवतो, कधी दोन दिवसांनी. आमच्या अॅडव्हाइसमध्ये ११८ पूर्ण दिलं होतं. १२१ मधून १,२४० वजा होते: ३१ कास्टिंग ब्लोहोलमुळे रिजेक्ट, दर ४०. १२४ मधून दोन टक्के, म्हणजे १९५.६० वजा, लवकर पैसे दिल्याची सूट म्हणून. बेरीज ४९,३९४.४०.

ही बेरीज `33B` शी सेंटला सेंट जुळली पाहिजे. जुळली तर हा अॅडव्हाइस याच पेमेंटचा. जुळली नाही तर हात थांबवा आणि ग्राहकाला विचारा. बहुतेक वेळा दोन पेमेंटचे अॅडव्हाइस एकमेकांत मिसळलेले असतात, किंवा एखादी डेबिट नोट आपल्यापर्यंत पोचलेलीच नसते.

जुनं बिल आधी या हिशोबाने काय झालं असतं? ११८ पूर्ण, १२१ पूर्ण, आणि सगळा तुटवडा १२४ वर. म्हणजे ज्या बिलातला माल नाकारला गेला ते पुस्तकात स्वच्छ, आणि ज्या बिलात काहीच खोट नव्हती ते १,४३५.६० ने अपुरं. प्रत्येक बिलामागे एक शिपिंग बिल, म्हणजे कस्टम्सकडे भरलेला निर्यातीचा कागद, आहे. बँक त्याच्याविरुद्ध पैसे जुळवते, म्हणून चुकीच्या बिलाला लावलेली रक्कम बँकेतही चुकीच्या शिपिंग बिलावर बसते, आणि ती उलटवायला महिने जातात.

आता चार्जेस. ५०,८३० मधून ४९,३६९.४० गेले की १,४६०.६० उरतात. यातले बँकेचे फक्त २५. १,२४० ही मालाची नाकारणी आहे. त्यासाठी आपली क्रेडिट नोट हवी, ती जीएसटीच्या विवरणपत्रात दाखवायला हवी, आणि त्या शिपिंग बिलाची किंमत कमी करण्यासाठी बँकेला ग्राहकाच्या डेबिट नोटसह अर्ज हवा. १९५.६० ची सूट मान्य करण्याआधी पर्चेस ऑर्डर उघडून बघा. आमच्या अटीत १५ दिवस होते, पैसे बाराव्या दिवशी निघाले, म्हणून ती दिली. सोळावा दिवस असता तर ती रक्कम ग्राहकाच्या नावावर येणे म्हणून उभी ठेवून पत्र लिहिलं असतं. आपल्या बँकेने नंतर रुपयांत लावलेला खर्च आणि त्यावरचा जीएसटी ही तिसरीच नोंद, या पंचवीसशी तिचा संबंध नाही.

जुळवणी आधी डॉलरमध्ये संपवा, मग रुपयांकडे वळा. ११८ पुस्तकात ८३.२० ने चढलं असेल आणि बँकेने ८३.५० ने रूपांतर केलं, तर १८,४०० वर ५,५२० रुपये जास्त दिसतात. तो विनिमय दराचा नफा. रुपयांतच जुळवायला बसलं की हा फरक खऱ्या कमतरतेला झाकतो.

मला सगळ्यात जास्त टोचतं ते त्या ३१ कास्टिंगचं. मी जुन्या पद्धतीने काम करत होते तेव्हा अशा वजावटी चार्जेसच्या खात्यात विरून जायच्या. खाली शॉपवर कुणाला पत्ताच नसायचा, आणि पुढच्या लॉटमध्ये तेच ब्लोहोल पुन्हा जायचे. आता अॅडव्हाइस आला की वजावटीची ओळ, बिल नंबर आणि नगांची संख्या मी त्याच दिवशी क्वालिटीवाल्यांना देते. १२१ च्या वेळी त्यांनी हीट नंबरवरून मागे जाऊन बघितलं, तर सगळे ३१ नग एकाच दिवसाच्या ओतकामातले निघाले. त्याच दिवसाचे आणखी नग पुढच्या खोक्यांत पॅक होऊन तयार होते. ते बाहेर काढले.