सीताबर्डीच्या एक्सेल बॅचबद्दलचा अभिप्राय आणि आमचं उत्तर

दोन स्टार. "आठवीच्या ६० मुलांमधून वाचन चाचणीसाठी १० जण चिठ्ठ्या न टाकता काढायचे होते. तुमच्या नोट्समधला फॉर्म्युला जसाच्या तसा टाकला तर एकच मुलगी दोनदा आली. बाजूच्या सेलमध्ये तारीख टाकली तर सगळी नावंच बदलली. फी घेऊन असं शिकवता काहून?"

मॅडम, पहिली चूक आमची आहे. नोट्समध्ये हा फॉर्म्युला छापला गेला:

```
=INDEX($B$2:$B$61,RANK(C2,C2:C61))
```

तो असा हवा होता:

```
=INDEX($B$2:$B$61,RANK(C2,$C$2:$C$61))
```

B मध्ये नावं असतात आणि C मध्ये RAND ने काढलेले कसेही येणारे आकडे; RANK त्या आकड्यांमधला क्रमांक काढतो आणि INDEX यादीतलं त्या क्रमांकाचं नाव देतो. फरक फक्त डॉलरचा आहे, पण नाव दोनदा येतं ते त्याच्यामुळेच. फॉर्म्युला खाली ओढला की डॉलर नसलेली रेंजही खाली सरकते. पहिल्या ओळीत ६० आकड्यांमधला क्रमांक निघतो, दुसरीत उरलेल्या ५९ मधला, तिसरीत ५८ मधला. प्रत्येक ओळीची स्पर्धा वेगळी झाली, म्हणून एकच क्रमांक दोन ओळींना मिळू शकतो.

पाच मुलांवर करून बघा. C कॉलममध्ये वरून खाली 0.42, 0.87, 0.15, 0.63, 0.29 लिहा आणि दोन्ही फॉर्म्युल्यांतल्या रेंज 6 व्या ओळीपर्यंतच ठेवा. डॉलर असताना पहिल्या तीन ओळींना ३, १, ५ हे क्रमांक मिळतात, कारण सगळ्यांत मोठ्या आकड्याला RANK १ देतो. डॉलर काढले की ३, १, ३ येतं: 0.15 ची तुलना आता फक्त 0.63 आणि 0.29 शी होते, म्हणून तो तिसरा. म्हणजे यादीतलं तिसरं नाव दोनदा.

रेंज बांधलेली असली की ६० वेगवेगळ्या आकड्यांना १ ते ६० हे क्रमांक एकेकदाच वाटले जातात, आणि वरच्या दहा ओळींत आलेले दहा क्रमांक म्हणजेच तुमची निवड. RAND इतके दशांश देतो की दोन आकडे तंतोतंत सारखे यायची भीती व्यवहारात नाही. पण दिसायला नीट म्हणून ROUND लावून दोनच दशांश ठेवले तर सारखे आकडे येतील, त्यांना सारखाच क्रमांक मिळेल आणि नाव पुन्हा दोनदा दिसेल. थेट RANDBETWEEN(1,60) दहा वेळा वापरू नका. त्यात अर्ध्याहून जास्त वेळा निदान एक तरी क्रमांक परत येतो.

आता तुमच्या फाईलमध्ये असं करा. B2 ते B61 मध्ये नावं आहेतच. C2 मध्ये =RAND() लिहून ते C61 पर्यंत ओढा. इथे एक चूक सहज होते: दहाच मुलं हवीत म्हणून RAND ही दहाच ओळींत भरला जातो. मग क्रमांक १ ते १० एवढेच निघतात आणि दरवेळी पटावरची पहिली दहाच मुलं येतात, फक्त क्रम बदलून. नाव दोनदा येत नसल्यामुळे ही चूक लक्षातही येत नाही. C पूर्ण भरल्यावर दुरुस्त फॉर्म्युला E2 मध्ये टाका आणि E11 पर्यंत ओढा.

तारीख टाकल्यावर नावं बदलली, ती मात्र फॉर्म्युल्याची चूक नाही. शीटमध्ये कुठेही काही लिहिलं किंवा फाईल नुसती उघडली तरी RAND नवे आकडे काढतो. म्हणून C2 ते C61 निवडा, कॉपी करा आणि त्याच जागी पेस्ट स्पेशलमधून व्हॅल्यूज म्हणून चिकटवा. E मधली नावं गोठवण्यापेक्षा C मधले आकडे गोठवलेले बरे, असं आमचं मत आहे. कोणी विचारलं की हीच मुलं कशी आली, तर आकडे आणि फॉर्म्युला दोन्ही समोर ठेवता येतात. गोठवल्यानंतर B कॉलम अकारविल्हे लावू नका, नाहीतर त्याच क्रमांकावर दुसरं मूल येईल.

तपासायला F2 मध्ये हे टाकून F11 पर्यंत ओढा:

```
=COUNTIF($E$2:$E$11,E2)
```

सगळीकडे 1 यायला हवा. वर्गात एकाच नावाची दोन मुलं असली तर नीट निवडीतही 2 दिसू शकतो, म्हणून B मध्ये नावाआधी हजेरी क्रमांक लिहा.

चाचणीच्या दिवशी कोणी गैरहजर राहिलं तर नव्याने निवड करू नका. E चा फॉर्म्युला आणखी दोन ओळी, E13 पर्यंत, आधीच ओढून ठेवा. अकरावं आणि बारावं नाव राखीव. दुरुस्त केलेलं पान बॅचमधल्या सगळ्यांना या आठवड्यात पाठवतो आहोत. तुमची फाईल घेऊन शनिवारी आलात तर ती समोर बसून तपासून देऊ, त्याची वेगळी फी नाही.