‘डी’ आकाराचा झोन ही डिस्क ठेवणाऱ्याची चूक नव्हे

“झोन मोजा, तक्ता बघा, एस आला तर एस. डिस्क जवळ पडल्या की झोन वाकडा होतोच. लांब ठेवा, म्हणजे डी-टेस्ट नि डबल डिस्क दोन्ही कटकटी संपतात.”

लॅबमध्ये दिला जाणारा हा सल्ला चुकीचा आहे. अँटिबायोटिकच्या डिस्कभोवती जंतू न वाढलेलं जे वर्तुळ उरतं, तो झोन. आधी वाकड्या झोनचं, म्हणजे डी-टेस्टचं बघू. पूच्या नमुन्यातून वाढलेला स्टॅफिलोकॉकस ऑरियस म्युलर-हिंटन अगारवर पसरला. एरिथ्रोमायसिनची १५ मायक्रोग्रॅमची डिस्क ठेवली आणि तिच्या कडेपासून २० मिमीवर क्लिंडामायसिनची २ मायक्रोग्रॅमची. ३५ अंशांवर १६ ते १८ तासांनी प्लेट पाहिली, तर एरिथ्रोमायसिनला झोनच नाही. क्लिंडामायसिनला २५ मिमी. तक्त्यात २१ पासून एस, म्हणजे औषध लागू. पास! पण एरिथ्रोमायसिनकडची कड गोल नाही, दाबल्यासारखी सपाट आहे.

हा अंतराचा दोष असता, तर एरिथ्रोमायसिनला न जुमानणाऱ्या प्रत्येक जंतूने तेवढ्याच अंतरावर डी काढला असता. पण ज्याच्याकडे एमएसआर-ए हे जनुक आहे, त्याचं प्रथिन एरिथ्रोमायसिनला रायबोझोमवरून हटवतं आणि क्लिंडामायसिनचा झोन छान गोल राहतो. एर्म जनुकवाल्याचं तसं नसतं. त्याचं एन्झाइम रायबोझोमवर मिथाइल गट चिकटवतं, तेही दोन्ही औषधं जिथे बसतात तिथेच. हे जनुक एरिथ्रोमायसिनने जागं होतं, क्लिंडामायसिनने सहसा नाही. म्हणून जिथे एरिथ्रोमायसिन झिरपलंय, तेवढ्याच बाजूला वाढ पुढे सरकते. खात्रीसाठी एटीसीसी या जंतुसंग्रहातले बीएए-९७७ आणि बीएए-९७६ हे जंतू शेजारी लावा. पहिला डी देतो, दुसरा देत नाही.

डिस्क लांब ठेवल्या की झोन गोल दिसतो, हे खरं. जनुक मात्र जागच्या जागी असतं. रुग्णाच्या गळवात असंख्य जंतूंपैकी काहींमध्ये ते म्युटेशनने कायमचं चालू झालेलं असतं. क्लिंडामायसिन बाकीच्यांना मारतं आणि हेच मागे उरतात. म्हणून रिपोर्टमध्ये आर, म्हणजे औषध लागू नाही, असं लिहायचं. काही रुग्णांना तरीही गुण येतो, तेवढी टीप खाली द्यावी.

डबल डिस्कमध्ये गंमत उलटी. तिथे मधली अमोक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेटची डिस्क प्रतिकार जागवत नाही, मोडते. जंतूकडे ईएसबीएल, म्हणजे सेफालोस्पोरिन औषधं फोडणारं एन्झाइम, असेल तर सेफोटॅक्सिम किंवा सेफ्टाझिडिमचा झोन तिच्याकडे ओढल्यासारखा वाढतो, चावीच्या भोकासारखा. इथे डिस्क लांब ठेवणं म्हणजे चाचणी हातानेच निगेटिव्ह करणं.

ईएसबीएलबाबत एक मुद्दा मात्र मान्य. चाचण्यांची मानकं ठरवणाऱ्या सीएलएसआय या संस्थेने २०१० मध्ये सेफालोस्पोरिनचे ब्रेकपॉइंट, म्हणजे एस की आर ठरवणाऱ्या सीमा, खाली आणल्यापासून केवळ रिपोर्टसाठी ही चाचणी रोज करायची सक्ती नाही. पण केली, तर केंद्रापासून केंद्रापर्यंत २० मिमी अंतर ठेवा. झोन फारच आखूड असून काही ठरत नसेल, तर १५ मिमीवर पुन्हा लावा. आणि जंतू एम्प-सी हे तसंच दुसरं एन्झाइम बनवणारा असण्याची शंका असेल, तर सेफेपिमची डिस्कही शेजारी हवी. एम्प-सीला क्लॅव्हुलॅनेट अडवत नाही, त्यामुळे बाकीच्या दोन डिस्कपाशी ओढ झाकली जाते; सेफेपिमपाशी बहुधा ती दिसते.