131 स्लाईड का झाल्या, नुसती हेडिंगं का आली, आणि आता काय केलंय

⭐ 1 स्टार
"एम.एड. च्या व्हायवासाठी 22 पानांची वर्ड फाईल दिली होती, 15 हेडिंग, एका हेडिंगला एक स्लाईड एवढंच सांगितलं होतं. पहिल्यांदा 131 स्लाईड दिल्या. परत पाठवलं तर 18 आल्या, त्यात फक्त हेडिंग, आत काहीच नाही, 3 तर कोऱ्या. आणि सगळ्या हेडिंगच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा. शेवटी रात्री जागून स्वतः केलं. 300 रुपये पाण्यात."

मॅडम, सेंटर माझं आहे त्यामुळे उत्तर मीच देतोय. चूक आमचीच आहे, फाईल घेतानाच उघडून बघायला पाहिजे होती ती बघितली नाही, आणि पहिल्यांदा गडबड झाल्यावर तरी थांबून का झाली ते शोधायला पाहिजे होतं, ते न करता घाईत दुसऱ्यांदा दिली. काल फोनवर तुमची परवानगी घेऊन तीच फाईल मी परत सुरुवातीपासून केली. काय झालं होतं ते इथंच सविस्तर लिहितो, कारण व्हायवाच्या सीझनला अशा फाईली घेऊन रोज कोणी ना कोणी येतं आणि बहुतेक फाईलींत हाच प्रॉब्लेम असतो.

पॉवरपॉइंटमधे Home वर New Slide च्या खालचा बाण दाबला की खाली Slides from Outline असतं, वर्डची फाईल तिथनं घेतात. पॉवरपॉइंट अक्षर किती मोठं आहे, ठळक आहे का, मधोमध आहे का, यातलं काहीही बघत नाही, फक्त त्या ओळीला वर्डमधे कुठली स्टाईल लावलीय तेवढं बघतं. Heading 1 असेल तर नवीन स्लाईड आणि ती ओळ तिचं टायटल, Heading 2 असेल तर त्या स्लाईडवरचा मुद्दा, Heading 3 असेल तर उपमुद्दा. Normal असलेला मजकूर ते घेतच नाही. आणि अख्ख्या फाईलमधे एकही हेडिंग स्टाईल सापडली नाही तर मग प्रत्येक पॅरा म्हणजे एक स्लाईड असं धरून चालतं.

तुमच्या फाईलमधे "प्रस्तावना", "संशोधनाची गरज", "उद्दिष्टे", "गृहीतके" ही हेडिंगं डोळ्याला एकदम व्यवस्थित दिसतात, 16 साईझ, बोल्ड, पण कर्सर त्यावर ठेवला की वर स्टाईलच्या पट्टीत Normal दिसतं. म्हणजे माणसाला ते हेडिंग, पॉवरपॉइंटला साधा पॅरा. Review मधे Word Count उघडून बघितलं तर Paragraphs समोरचा आकडा 131 च्या आसपासच होता, तेवढ्याच स्लाईड पडल्या.

दुसऱ्यांदा आमच्या दुकानातल्या मुलाने हेडिंगांना Heading 1 लावलं, ते बरोबरच होतं, पण खालचा मजकूर Normal च राहिला म्हणून तो सगळा गळाला. तुम्हाला वाटलं असणार की आम्ही मजकूर काढून टाकला, तसं नाही, तो फाईलमधनं स्लाईडवर आलाच नाही. आणि त्या 3 कोऱ्या स्लाईड कशा आल्या तर तुम्ही हेडिंगच्या वर जागा सोडायला एंटर मारलेत, त्यातल्या 3 रिकाम्या ओळीसुद्धा 16 बोल्ड होत्या, मुलाने एकसारखं दिसणारं सगळं एकदम सिलेक्ट करून स्टाईल लावली त्यात त्या पण Heading 1 झाल्या. रिकाम्या ओळीची रिकामी स्लाईड.

आता अक्षरांच्या कचऱ्याचं. तुमचा आतला मजकूर युनिकोडमधे आहे पण हेडिंगं कृतिदेवमधे आहेत, बहुतेक जुन्या फॉरमॅटमधनं कॉपी केलेली असावीत. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधे कॉम्प्युटरला ती अक्षरं मराठी आहेत हे माहीतच नसतं, आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात आणि फॉन्ट त्यावर मराठीचा आकार दाखवतो. भारत टाईप केलेलं असेल तर आत खरं असतं Hkkjr. स्लाईड तयार झाल्यावर त्यांच्यावर वर्डचाच फॉन्ट आणि रंग राहतो, म्हणून सगळ्या स्लाईड एकसारख्या दिसाव्यात यासाठी सिलेक्ट करून Home वरचं Reset दाबतात, आम्ही पण तेच केलं, त्याने डिझाईनचा फॉन्ट लागला, कृतिदेव गेला आणि खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडली. हे देण्याआधी एकदा वाचलं असतं तरी दिसलं असतं. वाचलं नाही, याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

तर काल काय केलं ते सांगतो. सगळ्यात आधी 15 हेडिंगं युनिकोडमधे परत टाईप केली. कन्व्हर्टर मिळतात पण जोडाक्षरं आणि रफार तपासत बसावं लागतं, 15 ओळींसाठी हातानं टाईप करणं लवकर होतं आणि चूकही राहत नाही. मग एका हेडिंगवर कर्सर ठेवून Home मधे उजवीकडं Select, त्यात Select All Text With Similar Formatting. यात 13 च सापडली, कारण "व्याप्ती व मर्यादा" आणि "शिफारशी" ही दोन 14 साईझची होती, ती हातानं घेतली. सिलेक्ट झालं की Ctrl+Alt+1 दाबलं की Heading 1 लागतं.

त्यानंतर View मधे Outline उघडलं आणि Show Level ला Level 1 ठेवलं. आता पडद्यावर फक्त तेवढंच राहतं ज्याच्या स्लाईड होणार आहेत. मोजल्या, 18 ओळी, त्यातल्या 3 समोर नुसतं वजाचं चिन्ह आणि पुढं काहीच नाही, त्या खोडल्या, राहिल्या 15. पॉवरपॉइंट उघडायच्या आधीच किती स्लाईड होणार ते इथं कळतं, आणि आमच्याकडनं नेमकी हीच पायरी राहिली होती.

मग आतला मजकूर. इथं मात्र मॅडम मला तुमच्याशी थोडं स्पष्ट बोलायचंय. सगळ्या पॅरांना Heading 2 लावलं असतं तर मजकूर आला असता, पण तुमची प्रस्तावना दीड पानाची आहे, ती एका स्लाईडवर टाकली की एकतर अक्षर मुंगीएवढं होतं नाहीतर मजकूर स्लाईडच्या खाली बाहेर जातो, आणि समोर बसलेले सर ते वाचणार कसे. म्हणून "उद्दिष्टे" खाली तुमचे 5 मुद्दे आधीच वेगवेगळ्या ओळीत होते, त्यांना सरळ Ctrl+Alt+2 लावलं, ते जसेच्या तसे स्लाईडवर आले. "गृहीतके" पण तसंच. पण प्रस्तावना, संशोधनाची गरज, निष्कर्ष अशा ठिकाणी प्रत्येक पॅराच्या वर एक छोटी ओळ लागते, त्या पॅराचं म्हणणं एका ओळीत, आणि फक्त त्या ओळीला Heading 2. खालचा पॅरा Normal च राहू द्यायचा, वर्डमधे राहील, स्लाईडवर येणार नाही, तो तुम्ही तोंडी बोलायचा. त्या ओळी मी तुमच्याच वाक्यांतनं उचलून ठेवल्यात पण तुमच्या संशोधनात महत्त्वाचं काय हे ठरवायचा अधिकार माझा नाही, त्या तुम्ही एकदा बघून बदलाच. एका स्लाईडवर 5-6 ओळींच्या पुढं जाऊ नका.

नमुना निवडीचा तक्ता आणि दोन आलेख यातनं येत नाहीत, स्टाईल काहीही लावा, तक्ते आणि चित्रं ते घेत नाही. ते तिन्ही वर्डमधनं कॉपी करून हातानं त्या त्या स्लाईडवर टाकलेत.

मग फाईल सेव्ह करून वर्ड बंद केलं (उघडी ठेवली तर पॉवरपॉइंट घ्यायला कुरकुर करतं, बंद केलेली बरी), नवीन प्रेझेंटेशन घेतलं आणि Slides from Outline. 16 स्लाईड दिसतात, घाबरू नका, पहिली रिकामी टायटल स्लाईड नवीन प्रेझेंटेशनबरोबर आधीच असते आणि बाकीच्या तिच्यामागं येतात, तिथं तुमच्या विषयाचं नाव, तुमचं नाव आणि मार्गदर्शकांचं नाव टाकायला जागा ठेवलीय. डावीकडच्या छोट्या स्लाईडवर क्लिक करून Ctrl+A, Reset, आणि यावेळी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकेक स्लाईड मी स्वतः वाचली.

एक अजून. तुम्ही पुढं मूळ वर्डमधे काही बदललं तर स्लाईडमधे ते आपोआप बदलत नाही, दोन्हीचा काही संबंध राहत नाही. म्हणून वर्डचं सगळं पक्कं झाल्यावरच स्लाईड करा, नाहीतर दोन ठिकाणी दुरुस्ती करावी लागते आणि एक राहून जाते.

300 रुपये काल संध्याकाळी तुम्ही ज्या नंबरवरनं पाठवले होते त्यावरच परत केलेत. नवीन पीपीटी आणि स्टाईल लावलेली वर्ड फाईल दोन्ही तुमच्या ईमेलवर पाठवल्यात, त्याचे काही पैसे नाहीत. तुम्ही रात्री जागून केलेली फाईल तुम्हाला जास्त बरी वाटत असेल तर तीच वापरा, पण त्यात हेडिंगं कृतिदेवमधेच असतील तर तुमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की तिथं परत तीच इंग्रजी अक्षरं दिसतील, एवढं जायच्या आधी नक्की तपासून घ्या. आणि दुकानात कालपासून असं ठरवलंय की स्लाईडचं काम घेताना ग्राहकासमोरच Outline उघडून Level 1 च्या ओळी मोजायच्या, आकडा जुळला तरच काम घ्यायचं, नाही जुळला तर स्टाईल लावायचे वेगळे किती होतील ते आधी सांगायचं. व्हायवाच्या दिवशी सकाळी काही अडलं तर 8 वाजता मी दुकानात असतो, सरळ या.